केस तुझेच पुरले

बटमामांच्या बोटांची टोकं बधिर होऊन पंधरा वर्षं झाली होती. चाळीस वर्षं बारीक आकड्याच्या सुईने जाळीत एकेक केस ओवून गाठ मारायची म्हटलं की बोटं किती दिवस तक्रार करणार? आधी ती दुखली, मग मुंग्या आल्या, मग त्यांनी बोलणंच सोडलं. केस जाड आहे की बारीक, हे मामा आता ओठाने पाहत. केसाचं टोक खालच्या ओठावरून फिरवलं की त्यांना हवं ते समजे. नवीन गिऱ्हाइकाला हे विचित्र वाटे. मामा सांगत, “बोटं रिटायर झालीत. ओठ अजून नोकरीत आहेत.”

एकोणिसाव्या वर्षी ते नाटक कंपनीत टोप करायला लागले. टोप म्हणजे डोक्यावर घालायचा, केसांचा. स्वयंपाकघरातला टोप वेगळा, आणि या दोन टोपांवरून कंपनीत रोज एक तरी विनोद व्हायचाच. राजाचा टोप, म्हातारीचा टोप, टकलाचा टोप, सगळं मामांच्या हातचं. कपाळावर एखादी बट अशी सोडायचे की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ती वाऱ्यावर हलल्यासारखी वाटे. त्यावरून नाव पडलं. मोठी माणसं बट्या म्हणत, धाकटी बटमामा.

कंपनी बंद झाली त्या दिवशी सगळे रडले. मामांनी लाकडी मुंडकी मोजली, पेटीत भरली, पेटीला कुलूप लावलं आणि घरी येऊन झोपले. बायको गेली तेव्हाही असंच. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. मामांना मात्र वाटायचं, बोटांचं जे झालं तेच हळूहळू वर चढत चाललंय.

आता ते एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत बसत. खोलीला एक खिडकी, एक आरसा, आरशासमोर एक खुर्ची, भिंतीशी फळीवर सात मुंडकी. गिऱ्हाईक नाटकातलं नव्हतं. औषधांनी ज्यांचे केस जातात अशी माणसं येत. बहुतेक बायका. डोक्याला रुमाल बांधून शिंप्याच्या दुकानातून आत यायच्या, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, ब्लाउज शिवायला आली. शिंपीही समजूतदार. कोणी आत गेलं की मशीन जरा जोरात चालवायचा.

खोलीचं भाडं, वीज, फोन हे सगळं मोठी बहीण बघे. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, जिभेला धार, आणि फोनमधलं काही अडलं तर सोडवल्याशिवाय जेवायची नाही. पैसे पाठवायचं अॅप तिनेच मामांच्या फोनवर घातलं होतं. नाव टाकताना तिने विचारलंही नाही. “बटमामा” लिहिलं आणि मोकळी झाली.

“अगं, खरं नाव?”

“तुझं खरं नाव तुला तरी आठवतं का?”

हे अॅप जरा गप्पिष्ट जातीचं होतं. उघडलं की समोर एक यादी सरकायला लागायची. अमक्याने तमक्याला पैसे दिले, आणि खाली ज्याने दिले त्याने लिहिलेली ओळ. “कालचा चहा.” “गाडीभाडं.” “तू हरलास.” किती दिले ते दिसत नसे. कोणी कोणाला आणि कशाला, एवढंच. खाली लोक शेरे मारत, हसत, बदाम पाठवत. ताई रोज दुपारी अर्धा तास ती यादी वाचायची. “बातम्यांपेक्षा बरं. यात निदान माणसं ओळखीची असतात.”

मामा यादी वाचत नसत. पण ओळ लिहावीच लागते हे कळल्यावर त्यांनी एक युक्ती काढली होती, आणि तिचा त्यांना थोडा अभिमानही होता. गिऱ्हाइकाला ते सांगत, “पैसे पाठवताना नुसतं टोप लिही. बघणाऱ्याला वाटेल भांडं घेतलं.” दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. फक्त एकदा एका बाईच्या जावेने तिला विचारलं होतं, इतकी मोठी पंगत कधी आहे म्हणून.

तर एक दिवस ती आली.

चाळिशीची. दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून लोकांना वेळ देणारी. हातात कागदी पिशवी. केस मानेपर्यंत कापलेले, पण अजून डोक्यावर होते.

“मामा, ओळखलंत?”

मामांनी आरशातून पाहिलं. कपाळ ओळखीचं होतं.

“अक्काची?”

“हो.”

अक्का म्हणजे कंपनीच्या कपडेपटाच्या मुख्य. अकरा वर्षं मामांच्या शेजारच्या टेबलावर त्यांचं शिवणाचं मशीन होतं. ही तेव्हा सहा-सात वर्षांची, टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची.

तिने पिशवीतून वेणी काढली. चार पेड वेगवेगळे बांधून कापलेले होते, मुळाकडून दोऱ्याने घट्ट.

“आई नेहमी म्हणायची, केस म्हटलं की बट्या. म्हणून तुमच्याकडे आले. पहिलं औषध पुढच्या आठवड्यात आहे. म्हणाले, तीन आठवड्यांत जातील.”

“अक्काला ठाऊक आहे?”

“नाही. आणि कळता कामा नये.” हे ती ज्या आवाजात वेळ देत असेल त्याच आवाजात बोलली. “दादा याच्यातच गेला. आठ वर्षं झाली. शेवटचे चार महिने आई त्याच्या उशाशी होती. आता ती पंच्याहत्तर वर्षांची आहे, दुसऱ्या गावात एकटी राहते. सहा औषधं होऊ देत, तपासणी होऊ दे. चांगलं निघालं तर चांगलं सांगेन. वाईट निघालं तर तेव्हा बघू. अर्धवट काही सांगणार नाही.”

“भेटायला गेलीस तर?”

“म्हणून तर टोप. दिवाणावर बसून दोन तास बोलले तरी तिला कळू नये असा.”

अक्काला कळू नये असा टोप. कपडेपटात बसून अकरा वर्षं टोप पाहिलेल्या बाईला. मामांनी एक केस ओठावरून फिरवला.

“करतो.”

“शब्द द्या.”

“दिला.”

लांबी लहान ठेवायची असली तरी वेणी पुरेल की नाही याची मामांना खात्री नव्हती. जोडीला दुसरे केस घ्यावे लागतील, म्हणून त्यांनी त्याचेही पैसे धरून आगाऊ रक्कम सांगितली. तिने फोन काढला. मामा सवयीने म्हणाले, “नुसतं टोप लिही.”

ती हसली. म्हणजे तोंड हसलं. “आई या अॅपवर आहे, मामा. तिच्या गुडघ्यांमुळे दिवसभर पलंगावर असते. कोणी कोणाला काय दिलं ते वाचत बसते. बटमामा आणि टोप एकाच ओळीत दिसलं तर तिला भांडं वाटेल का?” तिने पैसे पाठवण्याआधी ओळीखालच्या छोट्या चिन्हावर बोट ठेवलं. तीन पर्याय उघडले. सगळ्यांना दिसेल, मित्रांना दिसेल, आपल्या दोघांनाच दिसेल. तिने तिसरा निवडला. “झालं. हे फक्त तुम्हाला आणि मला.”

मामांनी मान डोलावली. पाहिलं, आणि विसरले.

पुढचे सहा आठवडे त्यांनी तो टोप केला. कपाळाच्या कडेला एका भोकात एकच केस, मागे दोन-दोन. भांगाजवळ जाळी इतकी पातळ की खालची कातडी दिसावी. रोज सकाळी आठ ते एक. काम संपत आलं तेव्हा लक्षात आलं, वेणीच पुरली. तिचे केस दाट होते, आईवर गेलेले. दुसरा एकही केस घालावा लागला नाही.

कंपनीचा एक शिरस्ता होता. नटाने स्वतःचे केस दिले तर टोपाची मजुरी घ्यायची, केसांचे पैसे घ्यायचे नाहीत. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडला असता तर मामांच्या गुरूने कानाखाली वाजवली असती. मामांनी संध्याकाळी खिडकीत बसून जास्तीचे पैसे परत पाठवले. अॅपने विचारलं, कशासाठी? नुसतं टोप लिहिलं तर तिला वाटेल चुकून आले. ती औषध घेऊन पडलेली असणार, फोन करून त्रास कशाला. म्हणून त्यांनी सावकाश, एकेक अक्षर शोधत, नीट वाक्य लिहिलं:

“टोपाला केस तुझेच पुरले, म्हणून जास्तीचे परत.”

पाठवलं. दिवा मालवला. घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई चपला न काढताच खोलीत शिरली.

“हे तू लिहिलंस?”

“हो. का?”

“जगजाहीर का लिहिलंस?”

“जगजाहीर कुठे? तिला लिहिलं.”

ताईने आपला फोन त्यांच्या नाकासमोर धरला. यादीत वरून चौथी ओळ. बटमामांनी तिला पैसे दिले. खाली ते वाक्य. त्याखाली एका बाईचा शेरा: “कसली केस गं? कोर्टात कधी गेलीस?” आणि तीन हसरे चेहरे. ती तिच्याच दवाखान्यातली कोणीतरी असावी. टोप तिने भांडंच समजला असणार, आणि भांड्यावरून कोर्टकचेरी चाललीय असा तिचा हिशेब असणार.

मामा वाचत राहिले. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही.

“पण तिने पाठवले तेव्हा दोघांनाच दिसेल असं केलं होतं. माझ्यासमोर.”

“ते तिने त्या एका पाठवणीपुरतं केलं होतं.” ताई खुर्चीवर बसली आणि मामांच्या फोनमधलं सेटिंग उघडून एकेक वाचायला लागली, जुन्या ऑपरेटरच्या आवाजात. “ऐक. प्रत्येकाचं एक नेहमीचं ठरलेलं असतं. काही बदललं नाही तर तेच लागू. तुझं ठरलेलं, मित्रांना दिसेल. मीच ठेवलं होतं, म्हटलं तुझे मित्र चार, त्यातला एक वारला. काय बिघडणार?”

“मग?”

“मग तिचंही ठरलेलं तेच असणार. दोघांपैकी ज्याचं जास्त कडक, ते चालतं. तिने नेहमीचंच दोघांपुरतं करून ठेवलं असतं, तर तू पाठवलेलंही झाकलं गेलं असतं. तिने त्या वेळेपुरतं हाताने बदललं, मुळातलं तसंच राहिलं. या वेळी पाठवणारा तू होतास. तू काही बदललं नाहीस.”

“पण माझे मित्र तर चारच.”

“अरे, मित्रांना म्हणजे तुझ्या मित्रांना आणि तिच्याही मित्रांना! तिने फोनमधले सगळे नंबर एकदा आत घेतले असतील. दवाखाना, शाळेतल्या मैत्रिणी, मावश्या, आत्या.” ताई थांबली. “आई.”

शिंप्याचं मशीन बाहेर चालू होतं.

“किती वेळ झाला?”

“काल सहा वाजता पाठवलंस. आता साडेबारा.” ताईने मामांच्या फोनवर त्या ओळीवर बोट दाबून ती दोघांपुरती केली. ओळ ताईच्या फोनवरून नाहीशी झाली, मामांच्या फोनवर राहिली. मग तिने मामांचं नेहमीचं बदललं, मागच्या दोन वर्षांतलं सगळं झाकलं आणि मित्रांची यादीही कोणाला दिसणार नाही अशी केली. ते म्हणे वेगळं झाकावं लागतं. “आता कोणाला दिसणार नाही.”

“कोणी बघितलं असेल ते कळतं का?”

“शेरा मारला तर कळतं. नुसतं बघून गेलेलं कळत नाही.”

मामांनी अक्काच्या लेकीला फोन लावला. बंद होता. औषधानंतर दोन दिवस ती फोन बंद ठेवते हे त्यांना माहीत होतं. टोप न्यायला ती परवा येणार होती. ताई म्हणाली, “पाणी पी.” मामा पाणी प्यायले. “काही बोल तरी.” मामांनी टोप मुंडक्यावर चढवला आणि विंचरायला घेतला.

तीन वाजता फोन वाजला. अनोळखी नंबर.

“बट्या?”

वीस वर्षांनी आवाज तसाच. जरा खाली बसलेला, पण मशीनच्या वरून बोलायची सवय गेली नव्हती.

“अक्का.”

“तुझा नंबर जुन्या वहीत होता. बदलला नसशील असं वाटलं. तू काही बदलणाऱ्यातला नाहीस.”

“बऱ्या आहात?”

“गुडघे सोडून.” मामांना वाटलं, आता विचारतील. उत्तरही तयार होतं. तिच्या ओळखीच्या एका शाळेत नाटक आहे, मुलांसाठी टोप हवा होता, हौस म्हणून तिने स्वतःचे केस दिले. चांगलं उत्तर होतं. अक्कालाही ते कदाचित आवडलं असतं.

अक्कांनी ते विचारलंच नाही.

“दाट नाही ना केलास फार?”

मामांनी टोपाकडे पाहिलं.

“नाही. होते तेवढेच.”

“भांगाशी जाळी दिसायला नको. तिचं कपाळ मोठं आहे, माझ्यासारखं. पुढे एखादी बट सोड, पण नाटकी नको. लोकांना वाटेल नाचायला चाललीय.”

“नाही सोडली नाटकी.”

“कितवं औषध झालं?”

मामांचा दिलेला शब्द तिथेच संपला. “तिसरं,” ते म्हणाले.

“हं.” पलीकडे कुठेतरी नळ गळत होता, त्याचा आवाज येत होता. “पोराच्या वेळी मला कळलं तेव्हा सातवं झालं होतं. तिला म्हणू नकोस मी फोन केला म्हणून. तिला वाटू दे मला माहीत नाही. तिला तेवढंच बळ आहे सध्या. ते कशाला काढून घेऊ?”

“अक्का—”

“शब्द दे.”

एक शब्द नुकताच मोडला होता, त्याचे तुकडे अजून टेबलावर होते.

“बट्या, रागावले नाही मी. तुझ्यामुळे कळलं ते बरंच झालं असं नाही म्हणणार. पण रागावले नाही.” फोन ठेवला गेला.

संध्याकाळी ताईने विचारलं, “मग दिलास शब्द?” “नाही.” “नाही म्हणालास?” “तेही नाही.” ताईने कपाळाला हात लावला. “तुला घेऊन कोणी साक्षीला जाऊ नये.”

परवा अकराला ती आली. डोक्याला निळा रुमाल, भुवया जवळजवळ गेलेल्या. खुर्चीत बसली आणि रुमाल काढला. मामांनी अशी शेकडो डोकी पाहिली होती. त्यांनी टोप चढवला, कानामागे पट्टी बसवली, मागून ओढून पाहिला. ती आरशात बघत होती. ना आनंद, ना दुःख. सरकारी कागदावरचा फोटो बरोबर आलाय का, तसं बघत होती.

“आपला वाटतो,” ती म्हणाली.

“आहेच तुझा.”

मग तिने पर्समधून फोन काढला, आणि मामांना कळलं की आता येणार. “मामा, काल फोन चालू केला. पैसे परत आले म्हणून निरोप होता. आणि दवाखान्यातली शेरा मारून गेलेली. मी यादीत बघितलं तेव्हा ते फक्त आपल्या दोघांनाच दिसत होतं. मधे किती वेळ उघडं होतं?”

“साडेअठरा तास. चूक माझी. पाठवताना चिन्ह बदललं नाही. तुझ्या फोनवर नेहमीचं अजून मित्रांना असंच आहे, ते आत्ता बदलून टाक.”

तिने बदललं. “आईचा काल फोन आला होता. हवापाणी विचारलं, दवाखान्याचं विचारलं. जेवलीस का विचारलं. बाकी काही नाही.” तिने आरशातून मामांकडे पाहिलं. “म्हणजे बघितलं नसेल ना? बघितलं असतं तर आई गप्प बसली असती का?”

इथे नाही म्हणायला काही लागत नव्हतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. अॅप कधी सांगणार नव्हतं. अक्का सांगणार नव्हत्या. दोघी तीन महिने एकमेकींना हवापाणी विचारत राहिल्या असत्या, दोघीही सगळं जाणून, आणि मधे मामा एकटे.

“बघितलं,” मामा म्हणाले. “परवा तीन वाजता मला फोन केला होता तिने. तुला सांगू नको म्हणाली.”

ती हलली नाही.

“मी तिला कितवं औषध तेही सांगितलं. तुझा शब्द मोडला. आता तिचाही मोडतोय.”

मशीन बाहेर चालायचं थांबलं, दोरा तुटला असावा, मग पुन्हा सुरू झालं.

“काय म्हणाली?”

“दाट करू नको म्हणाली. भांग नीट घे म्हणाली.”

“रडली?”

“नाही.”

“मीपण नाही रडले अजून,” ती म्हणाली. “सगळे विचारतात. येतच नाही.”

“येत नसेल तर नाही येत,” मामा म्हणाले. त्यांना याहून जास्त माहीत नव्हतं.

तिने टोप काढला, मांडीवर ठेवला, त्यावर हात ठेवला. मग दुसऱ्या हाताने आईचा नंबर लावला. लावल्यावर फोन कानाशी धरून वाट पाहत राहिली. पलीकडे उचलला गेल्याचं मामांना तिच्या खांद्यांवरून कळलं. ती काही बोलली नाही. पलीकडूनही कोणी बोलत नसावं.

मामांनी पडदा सरकवला आणि बाहेर शिंप्याच्या दुकानात येऊन बाकावर बसले. शिंप्याने पायाखालचं मशीन थांबवून भुवया उंचावल्या.

“संपलं काम?”

“फोनवर आहे,” मामा म्हणाले. “चालू ठेव जरा.”

शिंप्याने पाय दिला.